गॅस कनेक्शनसाठी घरमालकाचं ना हरकत पत्र: माझा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आल्यावर गॅस कनेक्शन घ्यायचं ठरवलं. आधारवर गावाकडचा पत्ता असल्यानं ते फक्त ओळखीपुरतं चाललं. इथल्या पत्त्यासाठी एजन्सीनं घरमालकाचं ना हरकत पत्र आणि महावितरणच्या चालू बिलाची झेरॉक्स मागितली.

मालक खालीच राहतात. पत्राचं नाव काढताच त्यांचा पहिला प्रश्न, "माझं सिलेंडर बंद पडणार न्हाई न्हवं?" शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. एका स्वयंपाकघराला एकच घरगुती कनेक्शन असा नियम आहे, आणि एकाच पत्त्यावर दुसरा अर्ज आला की तो दुबार म्हणून अडकू शकतो. म्हणून पत्रात "माझ्या नावे तळमजल्यावर कनेक्शन आहे, भाडेकरूचं स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर स्वतंत्र आहे" हे वाक्य घातलं. अर्जातही पत्त्याच्या सुरुवातीला "पहिला मजला" लिहिलं.

मालकांची दुसरी भीती असते, भाडेकरू जागेवर हक्क सांगेल याची. त्यावर सरळ उपाय म्हणजे पत्रातच मर्यादा लिहिणं: "हे पत्र केवळ गॅस कनेक्शनच्या पत्ता पुराव्यासाठी दिले आहे. यावरून भाडेकरूस जागेत अन्य कोणताही हक्क मिळत नाही." हे वाचून मालकांनी पेन मागितलं.

कोल्हापुरात खरी गोची पत्त्याची. आपण "राजारामपुरी, सातवी गल्ली" म्हणतो, बिलावर मात्र सिटी सर्व्हे नंबर आणि "ई वॉर्ड" असतं. पत्रात आधी बिलावरचा पत्ता जसाच्या तसा उतरवायचा, मग बोलीतली गल्ली. भाडेकरूचं नाव आधारप्रमाणे पूर्ण, कधीपासून राहतो ती तारीख, मालकाची सही आणि मोबाईल नंबर, एवढं पुरतं. बिलाच्या झेरॉक्सवरही मालकाची सही घ्यावी. साधा कागद चालतो की स्टॅम्प पेपर लागतो, हे एजन्सीत आधीच विचारलेलं बरं.

जुन्या घरांत वीजबिल अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं. मग सही एकाची आणि बिल दुसऱ्याचं, म्हणून पत्र परत येतं. आमच्याकडे तेच होतं. मालकांच्या स्वतःच्या नावाची घरफाळ्याची चालू पावती जोडली आणि "वीजबिल माझ्या वडिलांच्या नावे आहे" अशी एक ओळ वाढवली.

मालक अडूनच बसले, तर नोंदणीकृत भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवता येतो. तोवर पाच किलोचा छोटा सिलेंडर मिळतो, त्याला फक्त ओळखपत्र लागतं. त्याचा गॅस मात्र महाग पडतो.

कनेक्शन मिळाल्यावर सबस्क्रिप्शन व्हाउचरवरचं नाव आणि मजला काउंटरवरच वाचून घ्यावा. घर सोडताना सिलेंडर, रेग्युलेटर जमा करून ठेव परत घेताना हाच कागद लागतो.