रॉड तापतो, भिंत सरकते: बंदिस्त सळईचा प्रयोग, तिसरा टप्पा

गेल्या नोंदीत मी चौकट जोडून ठेवली होती आणि पहिलं रीडिंग घ्यायचं बाकी होतं. आता तीन आठवड्यांची रीडिंगं हातात आहेत. त्यातली पहिली दोन आठवड्यांची जवळजवळ सगळी बाद करावी लागली. ती का बाद झाली, हेच आज सांगायचं आहे, कारण खरं शिक्षण तिथेच झालं.

मांडणी साधी आहे. 8 मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा गोल बार, लांबी 300 मिमी, दोन प्लेटांच्या मध्ये घट्ट धरलेला. बारवर काचतंतूची नळी, तिच्यावर नायक्रोम तार. पुस्तकातला हिशोब असा: स्टील दर अंशाला मीटरमागे 12 मायक्रॉन वाढतं, म्हणजे 50 अंश तापवल्यावर माझा बार 0.18 मिमी वाढायला हवा. भिंतींनी ही वाढ पूर्ण अडवली तर ताण होतो E गुणिले α गुणिले तापमानवाढ. स्टीलसाठी हे दर अंशाला 2.4 मेगापास्कल, 50 अंशांना 120. या बारवर तो सहा किलोन्यूटन, म्हणजे सहाशे किलोच्या वजनाएवढा दाब. ताणाच्या सूत्रात लांबी येत नाही, बार वीतभर असो की हातभर. हे वाचून माहीत होतं, पण हातात बार धरून पाहिल्यावरच पटलं.

पहिली चौकट अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये करून घेतली. 75 मिमी चॅनेल आणि दोन्ही टोकांना वेल्ड केलेल्या 10 मिमी जाडीच्या प्लेटा. बार चॅनेलच्या वर चार सेंटिमीटर उंचीवर. प्लेटांच्या बाहेरच्या अंगाला एकेक डायल गेज लावलं. गेजचे स्टँड चौकटीवर नाहीत, खाली शहाबादी फरशीवर, म्हणजे चौकट हलली तर गेज तिच्याबरोबर हलणार नाही. बार 32 वरून 82 अंशांवर नेला. दोन्ही गेजांची बेरीज आली 0.14 मिमी.

म्हणजे 0.18 पैकी 0.14 भिंतीच मागे सरल्या आणि बार दबला फक्त 0.04 मिमी. ताण निघाला 27 मेगापास्कल, 120 च्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. आकडा चुकला असेल म्हणून मी दोन दिवस तारा तपासत बसलो. चूक तारांत नव्हती. बारची ताठरता EA/L, म्हणजे साधारण 33 किलोन्यूटन प्रति मिमी. चौकटीची ताठरता याच रीडिंगवरून दहाच्या आसपास निघते. दाब चॅनेलच्या वरून जातो, त्यामुळे चॅनेल धनुष्यासारखं वाकतं आणि प्लेटा मागे कलतात. आठ मिमीच्या साध्या बारपुढे ही ‘भिंत’ स्प्रिंग होती. अचल भिंत ही पुस्तकातली सोय आहे. कारखान्यात वाढ नेहमी दोघांत वाटली जाते आणि जो मऊ तो जास्त देतो.

लेथवाले अण्णा म्हणाले, “दाब मधून जाऊ द्या की, वरनं कशाला नेताय?” तीच दुसरी चौकट. 25 मिमी जाडीच्या दोन प्लेटा, बारच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर 20 मिमीचे दोन स्टड, नटांनी कसलेले. बार बरोबर मधोमध. बार अक्षात बसावा म्हणून त्याची टोकं गोलसर केली आणि प्लेटांना सेंटर ड्रिलचे खड्डे दिले. ही माझी दुसरी चूक होती.

चाळीस अंशांच्या वाढीपर्यंत सगळं सरळ गेलं. पंचेचाळिसाच्या आसपास बाहेरच्या गेजांचे काटे थबकले. तापमान चढत होतं, भिंती मात्र पुढे सरत नव्हत्या. सुदैवाने बारच्या मध्यावर आडवं तिसरं गेज लावलेलं होतं. त्याचा काटा पुढच्या पाच अंशांत सव्वा मिलिमीटर फिरला. बार बाजूला वाकला होता.

याचं सूत्र लिहून ठेवतो, कारण त्यातली एक गोष्ट विलक्षण आहे. टोकं फिरू शकत असतील आणि भिंती अचल असतील, तर बार वाकण्याची तापमानवाढ:

```
ΔT = π² d² / (16 α L²)
```

यात E नाही. बार कडक आहे की मऊ, याचा प्रश्नच नाही, फक्त त्याची सडपातळता आणि α. माझ्या बारला 37 अंश येतात. चौकट थोडी देते म्हणून मला ते 47 च्या जवळ मिळायला हवे होते, आणि बार जन्मतः किंचित वाकडा असल्याने थोडं आधीच सुरू झालं. एकदा वाकला की दाब जवळजवळ तिथेच राहतो, वाढलेली लांबी बाजूला निघून जाते. बाहेरचे काटे थांबणं आणि मधला काटा धावणं, ही त्याची खूण. मधलं गेज नसतं तर मी थांबलेल्या काट्यांना ताणाची मर्यादा समजून बसलो असतो.

तिसऱ्या वेळी टोकांचं लेथवर सपाट फेसिंग केलं आणि मध्यावर पितळी बुश सैल बसवला. अर्धी लांबी म्हणजे चौपट सहनशक्ती. आता 50 अंशांना भिंती 0.04 मिमी सरकल्या, बार 0.14 दबला, ताण 93 मेगापास्कल. मधलं गेज हललं नाही. माझी गेजं 0.01 मिमीची आहेत, त्यामुळे 0.04 मध्ये पाव हिश्श्याची शंका धरा. पण ताण 0.14 वरून काढायचा असल्याने त्यात फरक सात टक्क्यांच्या आतच पडतो.

तापमानाबद्दल एक सूचना. सुरुवातीला एकच थर्मोकपल मध्यावर होतं आणि टोकं त्याहून बारा अंश थंड होती, कारण प्लेटा उष्णता ओढून घेतात. हिशोबाला सरासरी हवी. आता तीन थर्मोकपल आहेत आणि टोकांशी तारेचे वळसे दाट केले आहेत. रीडिंग लवकर घ्या. स्टड सहा अंश तापले तर 0.02 मिमी चौकटच वाढते आणि तेवढा ताण गायब होतो. मेच्या दुपारी आमच्या शेडमध्ये सगळंच बेचाळीस अंशांवर असतं, पण बार आणि चौकट दोन्ही स्टीलची असल्याने त्या उकाड्याने ताण काही येत नाही.

बार जास्त तापू नये म्हणून जुन्या इस्त्रीतली द्विधातू पट्टी कटऑफला लावली आहे. तिच्यातही हाच व्यवहार दिसतो. दोन धातू एकमेकांना चिकटलेले, दोघंही एकमेकांची मऊ भिंत. जास्त वाढणारा दबतो, कमी वाढणारा ताणला जातो, आणि दाब अक्षावर नसल्याने पट्टी वाकते. माझी पहिली चौकट नेमक्या याच कारणाने वाकत होती, हे पट्टी लावताना लक्षात आलं.

पुढचा बार पितळेचा, त्याच मापाचा. पितळेचा α 19 आणि E 100 गिगापास्कल धरला, तर अचल भिंतींत ताण 95 यायला हवा, स्टीलपेक्षा पंचवीसने कमी. पण माझ्या चौकटीत तो 83 येईल, म्हणजे स्टीलच्या 93 पासून फक्त दहा कमी, कारण मऊ बारपुढे हीच चौकट जास्त ताठ ठरते. बाहेरच्या गेजांची बेरीज 0.035 च्या आसपास यायला हवी. रविवारी बार लेथवर चढतोय.