रबराच्या घडीत

फ्रीज आतून कितीही चकचकीत दिसला तरी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. दार उघडावं, कडेचं मऊ रबर बोटाने उलगडावं आणि मग मत बनवावं. आमच्याकडे बिजागरीच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, काजळाच्या बारीक रेघेसारखी बुरशी निघाली. तेव्हाच घरात दुसरी तक्रार चालू होती: सरबतातल्या बर्फाला कांद्याचा वास येतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

बुरशीला ही जागा का आवडते, ते घडी पाहिली की कळतं. दाराची कड गार, बाहेरची हवा दमट. त्या हवेतली वाफ कडेला लागली की तिचं पाणी होतं आणि घडीत साचतं. दूध ओघळतं, कुठला तरी चुरा पडतो, तोही तिथेच मुरतो. शिवाय रबराची बाहेरची बाजू फ्रीजच्या पोटाइतकी थंड कधीच नसते. ओल, अन्न, ऊब आणि वर अंधार, एवढी सोय झाल्यावर तिने दुसरीकडे जावं कशाला? बिजागरीच्या बाजूची घडी पूर्ण उलगडत नाही, त्यामुळे आपलं फडकंही तिथवर पोचत नाही.

साफ करताना लगेच ब्लीचची बाटली काढायचा मोह आवरावा. आधी फ्रीजचा प्लग काढायचा. कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुन्या मऊ टूथब्रशने घडीतला चिकटा काढायचा, कारण चिकट्याखाली ब्लीच पोचत नाही. अगदी आतल्या चिरेसाठी आइस्क्रीमच्या काडीला ओलं फडकं गुंडाळलं की काम होतं. सुरी नको, रबर फाटतं. साबण पुसून काढल्यावरही काळं राहिलं, तर कपभर पाण्यात मोठा चमचाभर घरगुती ब्लीच घालून त्यात कापूस भिजवायचा आणि तो घडीत दहाएक मिनिटं बसवून ठेवायचा. हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची. एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही: ब्लीचबरोबर व्हिनेगर वापरायचं नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ‘दोन्ही लावलं तर दुप्पट स्वच्छ’ हा हिशेब इथे फार महाग पडतो. शेवटी साध्या पाण्याने पुसून घडी कोरडी करायची. हे कोरडं करणं कंटाळवाणं आहे, पण उरलेल्या ओलीवरच पुढची बुरशी वाढते.

इतकं करूनही करड्या डागाची सावली राहते. पांढऱ्या कापडाने जोरात पुसून पाहावं. कापड पांढरंच राहिलं आणि पुढच्या काही आठवड्यांत डाग पसरला नाही, तर तो रबरात मुरलेला नुसता रंग आहे. त्याच्याशी भांडत बसू नये.

आता बर्फाकडे. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या बऱ्याच फ्रीजमध्ये एकच पंखा वरखाली हवा खेळवतो, म्हणून खाली उघडा ठेवलेला अर्धा कांदा वरच्या ट्रेपर्यंत पोचतो. त्याचे वासाचे कण बर्फाच्या पृष्ठभागावर धरतात. गोठलेले असताना ते फारसे जाणवत नाहीत. पेल्यात बर्फ वितळला की मग बोलू लागतात. दार नीट बसत नसेल, तर बाहेरची दमट हवा सतत आत येते, तिचं हिम साचतं आणि त्या हिमातही वास अडकतो. आमची काळी रेघ आणि आमचा कांदा इथे एकमेकांना भेटले.

दार बसतं की नाही हे पाहायला कागद पुरतो. तो दारात धरून दार लावायचं आणि हळूच ओढायचा. रबराने धरून ठेवला पाहिजे. आमच्याकडे सगळीकडे तो अडकला आणि नेमका काळ्या कोपऱ्यात अलगद सुटून आला. तिथलं रबर आत मुडपलं होतं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर धरून मऊ केलं, बोटांनी सरळ केलं, दार घट्ट लावून ठेवलं. नंतर कागद धरला गेला. रबर चिरलं असतं तर हा उपाय चालला नसता, मग रबरच बदलायचं.

ट्रे आणि फ्रीझरच्या भिंतींसाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा पुरतो. भिंतीवर हिमाचा थर असला तर तो आपला आपण वितळू द्यावा. टोकदार वस्तूने खरवडलं आणि भिंतीमागच्या नळीला भोक पडलं, तर आतला वायू निघून जातो आणि फ्रीज गार करायचंच विसरतो. कांदा आता झाकणाच्या डब्यात गेला आहे. वासाच्या बर्फाचं पाणी कुंड्यांना घातलं, त्यांची काही तक्रार आलेली नाही.