पांढऱ्या कॉलन्या मोजल्या, आणि तिथंच फसले

मे महिन्यातली परभणी. लॅबमध्ये कूलर सुरू होता, तरी थर्माकोलच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. माझा डीएनएचा तुकडा जोडलेलं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, मला ई. कोलाय या जिवाणूच्या पेशींत घालायचं होतं. कॅल्शियम क्लोराइडमधल्या त्या पेशींच्या ट्यूब कोमट पाण्यात तरंगत होत्या. पहिल्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी एकही कॉलनी उगवली नाही.

"बर्फ संपला तर आणायचा ना, तशीच काय काम करायलीस?" सर म्हणाले, आणि मग समजावून सांगितलं. डीएनएच्या कण्यावर ऋण भार असतो, ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणावरही असतो, त्यामुळे दोघं एकमेकांना दूर ढकलतात. मधे आलेला कॅल्शियम हे भार झाकतो आणि प्लाझ्मिड पेशीला चिकटून बसतं. गारठ्यात पेशीचा पडदा थिजतो. अशा थिजलेल्या पेशींना अचानक 42 अंशांत 90 सेकंद ठेवलं, की पडद्याला झटका बसतो आणि प्लाझ्मिड आत शिरतं. ते नेमकं कुठल्या वाटेनं शिरतं, यावर अजून एकमत नाही. पण झटका म्हणजे फरक. माझ्या पेशी आधीच गरम होत्या, त्यांना झटका बसणार कसला!

दुसऱ्या खेपेला बर्फाची लादी आणली, फोडून डबा गच्च भरला. 0.1 मोलर कॅल्शियम क्लोराइड रात्रीच फ्रिजमध्ये ठेवलं होतं. झटक्यानंतर ट्यूब दोन मिनिटं बर्फात, मग पेशी अँपिसिलिन हे प्रतिजैविक नसलेल्या एलबी या पोषक द्रवात 37 अंशांवर तासभर ठेवल्या. प्लाझ्मिडवरच्या जनुकातून अँपिसिलिनला तोंड देणारं प्रथिन तयार व्हायला पेशीला तेवढी सवड लागते.

अँपिसिलिन आणि एक्स-गाल घातलेल्या प्लेट लावल्या आणि मी चुलतबहिणीच्या लग्नाला गेले. सोळा-अठरा तासांनी बाहेर काढायच्या प्लेट चाळीस तासांनी उघडल्या. निळ्या कॉलन्या होत्याच, पण पांढऱ्या साठाच्या वर! pUC19 या माझ्या प्लाझ्मिडमधल्या lacZ जनुकाच्या तुकड्यात माझा 700 बेसचा डीएनए बसला, की DH5α या माझ्या ई. कोलायच्या अर्धवट एन्झाइमला जोडीदार मिळत नाही, फुटल्यावर निळा रंग देणारं एक्स-गाल फुटत नाही आणि कॉलनी पांढरी राहते. म्हणजे साठ क्लोन, असा माझा हिशोब.

सरांनी प्लेट उजेडात धरली. "बारक्या पांढऱ्या सगळ्या मोठ्या कॉलन्यांभोवतीच का बसल्यात गं?"

खरंच, खसखशीएवढे ठिपके कडं करून बसले होते. मोठ्या कॉलनीतून बाहेर पडलेल्या एन्झाइमनं आजूबाजूचं अँपिसिलिन संपवलं होतं आणि त्या जागेत प्लाझ्मिड नसलेल्या पेशी उगवल्या होत्या. निळं व्हायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. पाच बारक्या आणि एकट्या वाढलेल्या तीन मोठ्या पांढऱ्या कॉलन्या ताज्या अँपिसिलिन प्लेटवर ओढल्या. बारक्यांपैकी एकही उगवली नाही, मोठ्या तिन्ही उगवल्या.

त्या तिघींचं प्लाझ्मिड काढून EcoRI या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमनं कापलं. दोघींत 2.7 किलोबेसचा pUC19 चा आणि 700 बेसचा माझ्या तुकड्याचा असे दोन पट्टे दिसले. तिसरीचं प्लाझ्मिड कापलंच गेलं नाही. तुकडा न बसताच pUC19 ची टोकं कुरतडली जाऊन जुळली असावीत. त्यात lacZ ही बिघडला आणि EcoRI ची जागाही गेली.