संदर्भसूचीतली ‘पाहिल्याची तारीख’

एम.ए. भूगोलच्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प टँकरवर होता. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात उन्हाळ्यात कोणत्या गावांना टँकर लागतो, किती आठवडे लागतो आणि त्या गावांतल्या विहिरींची पातळी तेव्हा कुठे असते, असा साधा विषय. मॅडमनी विभागाच्या कपाटातून याच तालुक्यावरचा जुना प्रकल्प काढून दिला आणि म्हणाल्या, “याचे आकडे घे, पुढची वर्षं तू जोड.” आकडे घ्यायचे तर ते आले कुठून हे बघणं आलं. म्हणून संदर्भसूची उघडून एकेक लिंक टाइप करत बसले.

बऱ्याच लिंक मेलेल्या होत्या, पण सगळ्या एकाच तऱ्हेने नाही. काही ठिकाणी सरळ ४०४ आला. हे बरं, निदान कळतं तरी. काही लिंक त्या खात्याच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडत होत्या. साइट नवी झाली की जुने पत्ते असे मुखपृष्ठाकडे वळवतात, त्यामुळे लिंक चालू वाटते, पण हवं ते पान तिथे नसतं. तिसरी तऱ्हा सगळ्यात फसवी. पान व्यवस्थित उघडतं, शीर्षक तेच असतं, तक्ताही तसाच असतो, फक्त आकडे यंदाचे असतात. टँकरचा साप्ताहिक अहवाल त्याच पत्त्यावर दर आठवड्याला नव्याने चढत होता. जुन्या प्रकल्पातला आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळेना, आणि तो चूक आहे की जुना, हे नुसत्या पानावरून ठरवता येईना.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४च्या पाहणीत, २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. यात उघडणारी पण आतून बदललेली पानं धरलेलीच नाहीत.

मग मी वेबॅक मशीनकडे वळले. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेची ही सेवा वेबपानांच्या जुन्या प्रती सांभाळते. प्रतीच्या पत्त्यात तारीख-वेळेच्या जागी तारांकन घालून विचारलं की त्या पानाच्या सगळ्या प्रतींचं कॅलेंडर समोर येतं. खात्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही, पत्ता `example.org` धरू:

```
https://web.archive.org/web/*/https://example.org/tanker/weekly.html
```

कॅलेंडरवर तारखांभोवती रंगीत ठिपके असतात. निळा म्हणजे पान नीट मिळालं होतं, हिरवा म्हणजे त्या दिवशी ते दुसरीकडे वळवलं जात होतं. नारिंगी म्हणजे पान सापडलं नाही, लाल म्हणजे तिकडचा सर्व्हर गडबडला होता. मी फक्त निळे ठिपके उघडत गेले. आता प्रश्न असा की निळे अनेक, त्यातला कुठला घ्यायचा?

इथे त्या जुन्या प्रकल्पातल्या ‘पाहिले: अमुक तारीख’ या ओळीची किंमत कळली. तोवर मला ती तारीख फॉरमॅटची एक औपचारिकता वाटायची, विद्यापीठ मागतं म्हणून द्यायची. प्रत्यक्षात कॅलेंडरमध्ये नेमकं कुठे जायचं हे तीच सांगते. ज्या संदर्भांना तारीख होती, तिथे मी त्या तारखेच्या लगतच्या आधीची आणि नंतरची अशा दोन निळ्या प्रती उघडल्या. दोन्हींत तक्त्याच्या वर ‘अद्ययावत’ तारीख एकच असेल आणि गावांची संख्या प्रकल्पातल्या आकड्याशी जुळत असेल, तर तो आकडा मी घेतला. दोन प्रतींच्या मध्ये आठवडा बदलला असेल तर प्रकल्पातला आकडा दोघींपैकी कुणाशी जुळतो ते पाहिलं. ज्या संदर्भांना तारीखच नव्हती, ते आकडे मी तुलनेच्या तक्त्यात घेतले नाहीत. जुळणारी प्रत शोधून काढता आली असती, पण आपल्याला हवा तो आकडा दिसेपर्यंत प्रती चाळत राहायच्या, याला पडताळणी म्हणत नाहीत.

फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली गेली असेल तर आणखी एक सोय उपयोगी पडते. पत्त्याच्या शेवटी तारांकन दिलं, म्हणजे `https://web.archive.org/web/*/example.org/tanker/*`, की त्या फोल्डरखाली कधीकाळी जतन झालेल्या सगळ्या पत्त्यांची यादी येते. काही पीडीएफ मला अशाच मिळाल्या.

माझ्या स्वतःच्या संदर्भांसाठी मग मी शिस्त लावून घेतली. आकडा वहीत उतरवायच्या आधी पान वेबॅकच्या `Save Page Now` मध्ये टाकायचं. प्रत तयार झाली की ती उघडून, मला हवा तोच आकडा तिथे दिसतो का ते बघायचं. ही दुसरी पायरी गाळली तर पहिलीला अर्थ उरत नाही. काही पानांवर तक्ता मागाहून, स्क्रिप्टने भरला जातो. प्रतीत शीर्षक येतं, रकाने येतात आणि आत काहीच नसतं. शिवाय प्रतीतला मजकूर एका दिवसाचा आणि त्यातलं आलेखाचं चित्र दुसऱ्याच दिवशीचं असू शकतं, कारण चित्रं वेगळी जतन होतात. प्रतीच्या वरच्या पट्टीत `About this capture` आहे, तिथे प्रत्येक तुकडा केव्हाचा ते दिसतं. आलेखावरून आकडा घेणार असाल तर हे बघाच.

संदर्भाची नोंद मी अशी केली: खात्याचं नाव, पानाचं शीर्षक, पानावर छापलेली अद्ययावत तारीख, मूळ पत्ता, पाहिल्याची तारीख आणि जतन प्रतीचा पत्ता. मॅडम एपीए शैलीचा आग्रह धरतात. त्या शैलीनुसार पाहिल्याची तारीख बदलत्या पानांनाच लागते आणि जतन प्रत दिली तर तिचीही गरज नसते. मी तरीही दोन्ही ठेवलं. प्रतीची लिंक उद्या उघडली नाही, तर शोधणाऱ्याच्या हातात तारखेशिवाय काय राहणार?

तारखेवरूनच एक गंमत झाली. एका संदर्भात पाहिल्याची तारीख ११ मार्च २०२५ होती आणि शेजारी प्रतीचा पत्ता असा:

```
https://web.archive.org/web/20250310203000/https://example.org/tanker/weekly.html
```

पत्त्यातला तो लांब आकडा म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. तो सांगतो १० मार्च, माझी नोंद सांगते ११ मार्च. मसुदा वाचताना मॅडमनी तिथेच लाल गोल केला. पण दोन्ही बरोबर होतं. वेबॅकचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपण साडेपाच तास पुढे. तिथले रात्रीचे साडेआठ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे दोन. रात्री जागून काम करणाऱ्यांच्या संदर्भांत हे होणारच. संदर्भसूचीच्या डोक्यावर मी एक ओळ घातली: ‘पाहिल्याच्या तारखा भारतीय वेळेनुसार, जतन प्रतींच्या वेळा यूटीसीनुसार.’

जे जतन झालंच नाही त्यात वेळ सगळ्यात जास्त गेला. एका संकेतस्थळावर जिल्हा निवडा, तालुका निवडा, वर्ष निवडा, मग ‘शोधा’ दाबा अशी रचना होती. उत्तर आलं तरी वरचा पत्ता तोच राहतो. अशा पानाची प्रत घेतली तर रिकामा फॉर्म जतन होतो, उत्तर नाही. दुसरी अडचण आणखी चिवट. आपली कित्येक सरकारी संकेतस्थळं भारताबाहेरून उघडतच नाहीत, आणि वेबॅकची यंत्रं बाहेरून येतात. माझ्या ब्राउझरमध्ये पान दिसत असे आणि जतन करायला गेलं की एरर.

अशा पानांसाठी मी ब्राउझरच्या प्रिंटमधून पीडीएफ काढली. तिथे ‘हेडर आणि फूटर’वर खूण केली की प्रत्येक पानावर पत्ता आणि दिनांक छापून येतो. या पीडीएफ परिशिष्टात क्रमांक देऊन लावल्या. नोंदीत मूळ पत्ता, मी निवडलेले जिल्हा-तालुका-वर्ष हे पर्याय, पाहिल्याची तारीख आणि ‘प्रत: परिशिष्ट ३’ असं लिहिलं. ही प्रत तिसऱ्या कुणी जतन केलेली नाही, माझीच आहे, तेव्हा तिचं वजन वेबॅकच्या प्रतीइतकं नाही. परिशिष्टाच्या सुरुवातीला तसं स्पष्ट लिहून टाकलं.

शासन निर्णयांचं मात्र सोपं निघालं. महाराष्ट्र शासनाच्या जीआरच्या शेवटी ‘संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे’ असं वाक्य असतं. तो लांबलचक आकडा पीडीएफच्या पत्त्यावर अवलंबून नाही, आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख. विभाग, निर्णय क्रमांक, दिनांक आणि संकेतांक दिला की साइट कितीही वेळा बदलो, जीआर शोधता येतो. लिंक मी दिली, पण भिस्त संकेतांकावर ठेवली.

सगळी भिस्त एका वेबॅकवर ठेवणंही बरं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला. सेवा काही दिवस बंद होती, आणि सुरू झाल्यावरही सुरुवातीला जुन्या प्रती फक्त पाहता येत होत्या, नवी प्रत जतन करता येत नव्हती. माझं संदर्भ वाचन तेव्हाच चाललं होतं. म्हणून मी प्रतीचा पत्ता कधी आखूड करून दिला नाही. वेबॅकच्या पूर्ण पत्त्यात मूळ पत्ता आणि वेळ दोन्ही उघड दिसतात, त्यावरून दुसऱ्या आर्काइव्हमध्येही शोधता येतं. लिंक आखूड करणाऱ्या सेवेतून काढलेल्या पत्त्यात यातलं काहीच दिसत नाही, आणि ती सेवा बंद पडली की संदर्भही गेला.

छापील प्रतीत मात्र हे लांब पत्ते दोन ओळींत तुटतात, आणि वर्डने ओळ तोडताना मध्ये घातलेली आडवी रेघ वाचणारा पत्त्याचाच भाग समजून टाइप करतो. मी संदर्भसूचीपुरतं हायफनेशन बंद केलं. वेबॅकच्या वेळेतले शेवटचे सहा आकडे गाळून फक्त `20250310` ठेवलं तरी वेबॅक त्या सुमाराच्या प्रतीवर नेतं. पण ज्या पानाच्या एकाच दिवशी अनेक प्रती आहेत तिथे हे चालत नाही, म्हणून साप्ताहिक अहवालाचे आकडे मी पूर्णच ठेवले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी संदर्भसूची उघडली, फोनवर एक जतन प्रत टाइप केली, तक्ता पाहिला आणि पुढचा प्रश्न विहिरींच्या पातळीवर विचारला.