'तिखट आहे का?' हा प्रश्न सोडा

"बँकॉकला चाललोय आम्ही सगळे. आईला तिखट अजिबात सोसत नाही, त्यात ती शाकाहारी. मुलगा आठ वर्षांचा. हॉटेलात 'नो स्पायसी' सांगितलं की झालं ना?"

झालं नाही. एवढं म्हटलं की समोरच्याला वाटतं, उगाच घाबरवणं चाललंय. घाबरवत नाहीये. आठ वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या बाईला आवडीने खाता येईल असं थाई जेवणात पुष्कळ आहे. अडचण वेगळीच आहे. लोक आधी पदार्थ ठरवतात, मग तो सौम्य करून मागतात, आणि काही पदार्थ सौम्य होऊच शकत नाहीत.

कारण मिरची कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. करीमध्ये ती वाटणात असते: मिरची, गवती चहाचे देठ, आल्याच्या जातीचं गलांगल, लसूण, छोटे कांदे आणि झिंग्याची आंबवलेली पेस्ट, सगळं एकत्र वाटलेलं. हे वाटण सकाळीच तयार असतं किंवा विकत आणलेलं असतं. तुमच्या टेबलासाठी त्यातली मिरची कोणी वेचून काढणार नाही. परतलेल्या पदार्थांत आणि सॅलडमध्ये मिरची ऐन वेळी ठेचून घालतात, तिथे तुमच्या सांगण्याला अर्थ आहे. आणि नूडल्सच्या दुकानांत ती बऱ्याचदा टेबलावरच असते. तिखटाचा भरड चुरा, व्हिनेगरमधल्या मिरच्या, माशाच्या सॉसमधल्या मिरच्या आणि साखर अशा चार वाट्या ठेवलेल्या असतात, ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे घ्यायचं. त्यामुळे कमी तिखट मागणं म्हणजे स्वयंपाक्याचा अपमान, ही भीती नको. जेवणाऱ्याने चव जुळवून घ्यायची, हे तिथे गृहीतच आहे.

म्हणून वेटरला "तिखट आहे का?" असं विचारून हाती काही लागत नाही. त्याच्या जिभेला तो पदार्थ तिखट नसेलही, आणि तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल. "मिरची वाटणात आहे की नंतर घालता?" असं विचारा. नंतर घालत असतील तर "घालूच नका" सांगा. वाटणात असेल तर दुसरा पदार्थ निवडा.

यावर कोणी ना कोणी छाती पुढे काढून म्हणतंच, "आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला काय सांगता?" मान्य, पण आपल्याकडची बरीचशी मिरची तेलात परतलेली आणि मसाल्यात शिजलेली असते. तिचा जाळ हळूहळू चढतो. थाई सॅलडमध्ये बोटाच्या पेराएवढी लहान मिरची कच्चीच ठेचतात, वर लिंबाचा रस. सोबत तेल नाही, तूप नाही, नारळाचं दूध नाही. ती पहिल्याच घासाला जिभेवर बसते. तांबडा रस्सा वाटीने पिणारी माणसंही तिथे डोळे पुसताना दिसतात.

ते होतं बहुतेक वेळा सोम तामवर, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईच्या लांब किसाचं सॅलड. फोटोत ते आपल्या कोशिंबिरीसारखं निरागस दिसतं. पांढरा कीस, टोमॅटो, चवळीच्या शेंगा, वर शेंगदाणे. कोशिंबीर म्हणूनच ते मुलासाठी मागवलं जातं, "नो स्पायसी" बजावलंही जातं, आणि पहिल्या घासाला मूल रडायला लागतं. आता खलात काय झालं ते बघा. बनवणारी बाई आधी लसूण आणि मिरच्या ठेचते. मग ताडगूळ, लिंबाचा रस, माशाचा सॉस, सुकट झिंगे, शेंगा, टोमॅटो आणि शेवटी पपई घालून हलक्या हाताने कुटते. तिथल्या माणसाला चार-पाच मिरच्या सहज चालतात. "तिखट नको" ऐकल्यावर ती एक किंवा दोन घालते, कारण मिरचीशिवाय सोम ताम ही तिला अर्धवट वाटणारी गोष्ट. तिच्या लेखी तिने तुमचं ऐकलं. एका कच्च्या मिरचीचा रस मात्र आता सगळ्या किसाला लागलाय. वरून मिरची बाजूला काढून काही उपयोग नाही.

म्हणून इथे चवीचं वर्णन करायचं नाही, कृती सांगायची. "माय फेत" म्हणजे तिखट नको. ते सोडा आणि "माय साय फ्रिक" म्हणा, म्हणजे मिरची घालू नका. उच्चार चुकायची धास्ती असेल तर फोनवर थाई लिपीत लिहून दाखवा: ไม่ใส่พริก. हे ऐकूनही सॅलडला किंचित तिखटपणा येऊ शकतो, कारण खल आधीच्या गिऱ्हाइकाच्या मिरच्यांनी माखलेला असतो. गर्दीच्या गाडीवर तो दर वेळी धुतला जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. मोठ्या माणसाला तेवढं चालेल, मुलाला द्यायचं की नाही ते आधी स्वतः चाखून ठरवा. आणि पहिल्यांदा खाताना शेंगदाणे घातलेला 'सोम ताम थाय' मागवा. 'पला रा' म्हणून जो प्रकार असतो त्यात आंबवलेल्या माशाचं गढूळ, उग्र पाणी असतं. त्याची गोडी लागायला वेळ लागतो.

करी निवडताना रंग फसवतो. आपल्याकडे लाल तर्री दिसली की सावध व्हायचं हे डोळ्यांत भिनलेलं आहे. तिथे हिरवी करी ताज्या हिरव्या मिरच्यांची, आणि ती बऱ्याचदा लाल करीपेक्षा जहाल निघते. नारळाचं दूध आहे म्हणून ती सौम्य, असंही नाही. मिरचीतला जाळणारा घटक स्निग्धात विरघळतो, त्यामुळे दूध जाळाची धार बोथट करतं, पण मुळात वाटणात किती मिरची आहे ते दूध ठरवत नाही. हिरवी करी "कमी तिखट" मागितली तर फार तर जास्त दूध आणि साखर पडते, आणि पातळ, गोडसर काहीतरी समोर येतं. ती चव बघून "थाई जेवण पांचट असतं" म्हणू नका. दक्षिण थायलंडच्या पदार्थांची खानावळ असेल तर अजून जपा, तिथल्या पिवळ्या हळदीच्या रश्शाला सौम्य समजू नका.

मागवायची मसामान. वरून लालसर तेलाचा तवंग, तरी नेहमीच्या करींमध्ये ती सर्वांत सौम्यांपैकी. दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ, चिंच, शेंगदाणे आणि बटाटा हे सगळं आपल्या ओळखीचं. दुसरी पिवळी करी, म्हणजे 'कॅंग करी'. दक्षिणेकडच्या त्या हळदीच्या रश्शाहून ती वेगळी, बटाट्याची आणि मवाळ. सूप हवं असेल तर तोम यमपेक्षा तोम खा घ्या. दोन्हींत गवती चहा, गलांगल आणि लिंबाची पानं, पण तोम खामध्ये नारळाचं दूध असतं. तोम यमचं पातळ, आंबट, उकळतं पाणी मिरचीसकट सरळ घशावर जातं आणि ठसका लागतो. सूपातले गलांगलचे तुकडे, गवती चहाचे दांडे आणि पानं चावायची नाहीत, वाटीतच ठेवायची. हे कोणी सांगत नाही आणि लोक इमाने इतबारे चघळत बसतात.

आता तुमचं टेबल. तिथे पदार्थ मध्ये ठेवून वाटून खातात, भात प्रत्येकाचा वेगळा. चौघांसाठी एक करी, एक परतलेला पदार्थ, एक सूप आणि एक भाजी पुरे. मुलासाठी 'पाद सी इव'. रुंद भाताच्या नूडल्स, अंडं, पालेभाजी, सोया सॉस, आणि मिरची मुळातच नाही. किंवा 'खाओ मन काय', कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला भात आणि उकडलेली कोंबडी. त्याची चटणी वेगळ्या वाटीत येते, ती वाटी मुलापासून लांब ठेवा. टोफू आणि काचेसारख्या शेवयांचं स्वच्छ सूप 'कॅंग चुत' हे तिथलं घरगुती, आजारी माणसालाही चालणारं. फक्त त्यात डुकराचा खिमा असण्याची सवय आहे, नको असेल तर आधीच सांगा. तुम्हा दोघांना मसामान, आणि धाडस करायचंच तर एक पाद क्रपाव, म्हणजे तिथल्या तुळशीच्या पानांत परतलेलं मांस, "एकच मिरची" असं बोट दाखवून.

राहिला आईंचा प्रश्न. तो तिखटाहून अवघड आहे आणि त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस हेच मीठ. साध्या परतलेल्या भाजीतही तो पडतो, किंवा ऑयस्टर सॉस पडतो. "व्हेज" म्हटलं तर मांसाचे तुकडे काढले जातील, सॉस राहील, आणि वेटरच्या मते ती व्हेज डिश असेल. मसामान टोफूची मागितली तरी वाटणात झिंगे असतातच, स्वतः वाटण करणारी शाकाहारी खानावळ सोडून. त्यामुळे नावानिशी विचारायचं: माशाचा सॉस? ऑयस्टर सॉस? झिंग्याची पेस्ट? सोया सॉसमध्ये करून द्याल का? चारही उत्तरं मनासारखी मिळाली तरी कढई तीच आणि पळी तीच. हे आईंना चालेल का, हे त्यांनाच विचारा, त्यांच्या वतीने तुम्ही ठरवू नका.

कढईही वेगळी हवी असेल तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात เจ लिहिलेलं दुकान शोधा. उच्चार 'जे'. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या बाईंना ते लगेच पटेल. मात्र 'जे' म्हणजे सौम्य नव्हे, मिरची तिथेही असते, म्हणून "माय साय फ्रिक" तिथेही लागेल.

एवढं सगळं करून एखादा घास जाळ काढणारा निघालाच तर पाणी पिऊ नका. जाळणारा घटक पाण्यात विरघळत नाही, पाणी त्याला तोंडभर फिरवतं. कोरडा भात चावा, किंवा आटवलेलं दूध घातलेला गार थाई चहा, 'चा येन', आधीच मागवून ठेवा. आणि आंब्याचा हंगाम असेल तर शेवटी चिकट भात आणि आंबा. चिकट तांदूळ, नारळाचं दूध, साखर, मीठ आणि पिकलेला आंबा. यात मिरचीही नाही आणि मासाही नाही.