ग्रिडच्या आधी गणित

आज दोन कॉलमच्या पुस्तकाचा साचा लावायला घेतला. मजकूर 11 पॉइंटचा, लीडिंग, म्हणजे एका ओळीच्या पायापासून पुढच्या ओळीच्या पायापर्यंतचं अंतर, 16. देवनागरीला इतकी मोकळीक लागतेच, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. मजकुराची उंची 576 पॉइंट धरली, म्हणजे बरोबर 36 ओळी. उंची लीडिंगच्या पटीत नसली की तळाला अर्धवट ओळीची जागा उरते आणि ती प्रत्येक पानावर नडते.

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये `Preferences > Grids` उघडून `Increment Every` 16 केलं, `Start` शून्य आणि `Relative To` मध्ये `Top of Margin`. मुख्य मजकुराच्या पॅराग्राफ स्टाइलला हा ग्रिड, म्हणजे पानभर समान अंतरावर आखलेल्या पायरेषा, धरायला सांगितलं की ओळी रेषांवर येऊन बसतात. बरेच जण इथेच थांबतात. मला मात्र ग्रिड धरण्याची सोय आधी बंद ठेवायला आवडते. स्टाइलच्या आकड्यांची बेरीज मुळात जुळत असेल तर ग्रिडला फार काही ओढाताण करावी लागत नाही. जुळत नसेल तर ग्रिड ती तफावत दाखवत नाही, मोकळ्या जागेत लपवतो.

उपशीर्षकांचंच बघा. अक्षर 14 पॉइंट, लीडिंग 20, वर 20 आणि खाली 8 जागा. एकूण 48, म्हणजे मजकुराच्या तीन ओळी. त्यामुळे उपशीर्षकानंतरची ओळ आपसूक शेजारच्या कॉलमच्या ओळीला लागून येते. पण उपशीर्षक दोन ओळींचं झालं की बेरीज 68 होते. ग्रिड चालू असेल तर पुढची ओळ 12 पॉइंट खाली ढकलली जाते. वर 20 आणि खालीही 20 जागा झाली, की ते उपशीर्षक कुठल्या परिच्छेदाचं तेच कळेना! दोन्हींकडून तुटून मधेच लटकतं. म्हणून दोन ओळींच्या उपशीर्षकांसाठी वेगळी स्टाइल केली: वर 16, खाली 8. बेरीज 64, चार ओळी पूर्ण.

कॉलमच्या डोक्यावर उपशीर्षक आलं तर वरची जागा इनडिझाइन गाळून टाकतं. मग बेरीज चुकते, पण फक्त 4 पॉइंटांनी, आणि तेवढं ग्रिडने सावरलं तर डोळ्याला खटकत नाही. ग्रिडचं खरं काम मला इथे दिसतं. बेरजा जमल्यावर शेवटी मुख्य मजकुराला ग्रिड लावला. उपशीर्षकांना तो लावलेलाच नाही.

मग नमुन्याचं प्रकरण ओतलं आणि एका परिच्छेदात मधल्याच ओळीच्या वर दुप्पट जागा पडली. याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. इनडिझाइनमध्ये लीडिंग अक्षराला चिकटलेलं असतं आणि ओळ आपल्यातलं सगळ्यात मोठं लीडिंग मानते. त्या ओळीत वर्ड फाइलमधून आलेली एक ठळक अक्षरांची संज्ञा होती आणि तिचं लीडिंग 18. ओळीला 16 पुरेनात, म्हणून ती थेट पुढच्या रेषेवर, 32 वर, जाऊन बसली. 16.1 असतं तरी हेच झालं असतं. ग्रिडला अधलंमधलं ठाऊक नाही. कधी कधी दोषी असते ती नुसती एक रिकामी जागा, आणि ती शोधताना वैताग येतो. `Preferences > Type` मध्ये `Apply Leading to Entire Paragraphs` ही खूण फाइल सुरू करतानाच केलेली बरी.

कॉलमची पहिली ओळ एक रेषा खाली सरकलेली दिसली, तर मात्र फ्रेमचे पर्याय बघावेत. `First Baseline` मध्ये `Ascent` असेल तर फॉन्टची आतली उंची मोजली जाते. देवनागरी फॉन्टांत ती मात्रांसाठी भरपूर ठेवलेली असू शकते. 16 च्या वर गेली की पहिली रेषा हुकते. तिथे `Leading` निवडलं की फॉन्ट कुठलाही असो, पहिली ओळ ठरल्या जागी येते. त्याच खिडकीत `Vertical Justification` हे `Top` वरच असू द्यावं, `Justify` वर नको.

एक गोष्ट ग्रिड करून देत नाही. आपण वाचतो शिरोरेषेच्या आधाराने आणि ग्रिड धरतो अक्षरांचा पाया. एकाच आकाराच्या मजकुरात दोन्ही जुळतात. चित्राचं तसं नाही: खालची कड पायरेषेवर ठेवायची आणि वरची शेजारच्या ओळीच्या शिरोरेषेला लावायची. या फॉन्टमध्ये शिरोरेषा पायापासून साडेसात पॉइंट वर आहे. म्हणजे दहा ओळींच्या चित्राची उंची 160 नव्हे, नऊ गुणिले 16 अधिक साडेसात, 151.5.

संध्याकाळी समोरासमोरच्या पानांचं प्रूफ काढून शिवणीवर आडवी पट्टी ठेवून पाहिली. मग एक पान उजेडात धरलं. पातळ कागदावर मागच्या ओळी पुढच्या ओळींच्या बरोबर पाठीमागे असतील तरच ओळींमधली पांढरी जागा स्वच्छ राहते. उद्या तळटीपा: 9 पॉइंटांवर 12 लीडिंग, चार ओळींना 48. तीन किंवा पाच ओळींच्या टीपांचं काय करायचं ते ठरवायचं आहे. बहुधा त्यांना ग्रिडबाहेर ठेवून तळाशी टेकवेन आणि उरलेली जागा मजकूर नि टीपेच्या मधे सोडेन.