वीस दिवसांची खिडकी आणि ४ जून: पोझिशनचा आकार अस्थिरतेवरून ठरवताना

निफ्टी निर्देशांकाच्या मागे चालणाऱ्या निफ्टी बीज या ईटीएफमध्ये किती रक्कम ठेवायची हे दररोज स्वतः ठरवायचे नाही, बाजार किती हलतो आहे त्यावरून ते आपोआप ठरावे, एवढ्या उद्देशाने मी एक छोटी प्रणाली लिहिली. बाजार बंद झाल्यावर ती बंद भाव घेते, दैनिक परताव्यांच्या मागील वीस दिवसांच्या खिडकीतल्या प्रमाण विचलनाला २५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १५.८७ ने गुणून वार्षिक अस्थिरता काढते आणि मी ठरवलेल्या १२ टक्के लक्ष्याला तिने भागते. येणारे गुणोत्तर म्हणजे भांडवलाचा किती भाग गुंतवायचा ते प्रमाण. उसना पैसा वापरायचा नसल्याने त्यावर १ ची कमाल मर्यादा घातली आहे.

```
r = close.pct_change()
sigma = r.rolling(20).std() * 252**0.5
w = (0.12 / sigma).clip(upper=1)
```

जुन्या भावांवर चाचणी घेताना `w.shift(1)` वापरणे आवश्यक आहे. आजच्या बंद भावावरून काढलेले प्रमाण आजच्याच परताव्याला लावले, तर पडझडीच्या दिवशी प्रणाली आधीच सावध होती असे खोटे चित्र दिसते. प्रत्यक्षात ऑर्डर दुसऱ्या दिवशी सकाळी जाते.

दुसरा सापळा भावांच्या इतिहासात होता. डिसेंबर २०१९ मध्ये या ईटीएफच्या एका युनिटचे दहा युनिट झाले. विभाजनानुसार भाव दुरुस्त केलेले नसतील, तर त्या दिवशी उणे ९० टक्के परतावा दिसतो. त्या एका आकड्याने वार्षिक अस्थिरता ३०० टक्क्यांच्या वर जाते आणि पुढचे वीस दिवस प्रणाली जवळपास सगळे पैसे बाहेर ठेवते. म्हणून २० टक्क्यांहून मोठा परतावा दिसला की ऑर्डर न टाकता थांबायचे, असा नियम घातला. निर्देशांक २० टक्के पडला की त्या दिवसाचे व्यवहारच बंद होतात, त्यामुळे ही सीमा मला पुरेशी वाटली.

खरा पेच मात्र जून २०२४ च्या आकड्यांत सापडला. मतदानोत्तर चाचण्यांनंतर ३ जूनला निफ्टी ३.२५ टक्के वाढला, निकालाच्या दिवशी, ४ जूनला, ५.९३ टक्के पडला आणि ५ जूनला ३.३६ टक्के सावरला. गणित स्वच्छ दिसावे म्हणून बाकीच्या सर्व दिवसांची हालचाल आलटून पालटून वर आणि खाली ०.७ टक्के धरली. तेव्हा २ जूनपर्यंत अस्थिरता ११ टक्के येते, म्हणजे प्रमाण पूर्ण १. तीन जूनच्या वाढीने ते ०.७४ वर उतरते, कारण प्रमाण विचलनाला वाढ आणि घट सारखीच. पाच जूनच्या संध्याकाळी अस्थिरता २९ टक्के आणि प्रमाण ०.४१. पाच लाखांच्या भांडवलात ही दोन लाख पाच हजारांची पोझिशन झाली. घसरणीचा दिवस मात्र ०.७४ वरच सोसावा लागतो. बाजाराला पुढे किती अस्थिरता अपेक्षित आहे ते सांगणारा इंडिया व्हिक्स मेच्या अखेरीस विशीच्या वर होता, पण मागच्या परताव्यांत ती भीती अजून उतरलेली नव्हती, आणि ही पद्धत फक्त मागचेच पाहते.

इथपर्यंत ठीक होते. अडचण जुलैच्या सुरुवातीला येते. सतरा जूनची सुट्टी धरता ४ जूनचा परतावा ३ जुलैला खिडकीतून बाहेर पडतो. दोन जुलैला प्रमाण ०.४४, तीनला ०.७३ आणि चारला, ५ जूनही बाहेर पडल्यावर, पुन्हा १. म्हणजे दोन दिवसांत जवळपास पावणेतीन लाखांची खरेदी, तीही बाजारात काहीही न घडता, केवळ कॅलेंडर पुढे सरकल्यामुळे. प्रमाणाच्या आलेखात अशी उडी दिसली की बरोबर वीस व्यवहार-दिवस मागे जाऊन पाहावे. तिथे एखादा मोठा परतावा असतोच.

खिडकी साठ दिवसांची केली तर उडी लहान होते, पण ती लांबणीवर पडते एवढेच, आणि धक्क्याला प्रतिसादही मंदावतो. मला घातांकी भार अधिक पटला: कालच्या विचरणाला, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाला, ०.९४ आणि आजच्या परताव्याच्या वर्गाला ०.०६. वरच्याच आकड्यांत ५ जूनला प्रमाण ०.४० येते, म्हणजे प्रतिसाद तेवढाच तीव्र, पण नंतर ते रोज थोडे थोडे वाढत ३ जुलैला साधारण ०.६३ वर पोहोचते. धक्क्याचे वजन सुमारे अकरा दिवसांत निम्मे होते आणि कोणत्याही एका तारखेला अचानक नाहीसे होत नाही.

याची किंमत रोजच्या किरकोळ ऑर्डरींत मोजावी लागते, कारण प्रमाण दररोज शतांशाने हलते आणि दलालीसह इतर खर्च साचत जातो. म्हणून नवे प्रमाण हातातल्या प्रमाणापासून ०.०५ हून अधिक दूर गेल्याशिवाय ऑर्डर जाऊ द्यायची नाही अशी अट ठेवली आहे. पाच लाखांवर हा फरक पंचवीस हजारांचा होतो, आणि शांत महिन्यांत प्रणाली बहुतेक दिवस काहीच करत नाही.